‘हेवी ड्युटी’ म्हणजे नक्की कुठली ड्युटी? सेल बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

सेल बनवणाऱ्या कंपन्यांनो, आणि सेलच्या पॅकेटवर काय छापायचं हे ठरवणाऱ्या सगळ्या मंडळींनो,

नमस्कार. मी छोटी इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करतो. रिमोट, टॉर्च, वजनकाटे, खेळणी, घड्याळं असलंच सगळं. माझ्याकडे ‘बिघडलंय हो’ म्हणून जे येतं त्यातलं बरंचसं बिघडलेलं नसतंच, आत नको तो सेल घातलेला असतो नाहीतर जुन्या सेलने फुटून कॉन्टॅक्ट खाल्लेले असतात. इतकी वर्षं मी लोकांना तोंडी सांगत आलो आणि गप्प बसलो. पण या वेळी प्रकार माझ्याच घरात झाला म्हणून हे लिहितोय.

बाबांना डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा बीपी मोजून वहीत लिहायला सांगितलंय. मशीनमधले सेल संपले तर बाबा स्वतः जाऊन चार पेन्सिल सेल घेऊन आले, पॅकेटवर मोठ्ठ्या अक्षरात ‘एक्स्ट्रा हेवी ड्युटी’. का घेतले विचारलं तर म्हणाले, अरे त्यात पंप असतो, हवा भरायचं जड काम आहे, म्हणून हेवी ड्युटीच घेतले. आता यात बाबांचं काय चुकलं सांगा. पॅकेटवर जे लिहिलंय ते वाचून कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

अकराव्या दिवशी मशीन पट्ट्यात हवा भरता भरता कण्हायला लागलं, पंपाचा आवाज खाली खाली गेला आणि स्क्रीन गप. दुसऱ्या दिवशी सकाळी परत चालू केलं तर एक रीडिंग नीट आलं, दुसऱ्याला परत बंद. असं तीन दिवस चाललं. वहीत तीन दिवस एकेकच आकडा आणि पुढे बाबांच्या अक्षरात ‘मशीन बंद’. त्यांनी ठरवूनच टाकलं की मशीन गेलं, कारण सेल तर ‘नवीन आणि हेवी ड्युटी’ होते ना, मग दोष मशीनचाच असणार.

मी ते चारही सेल काढून मल्टिमीटरवर लावले. प्रत्येक जवळजवळ १.४५ व्होल्ट. म्हणजे नुसतं मीटर लावलं तर सेल चांगला वाटतो, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. मग मी २.२ ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना लावला, म्हणजे सेलवर खरा भार पडतो, साधारण अर्धा अँपिअर, बीपी मशीनचा पंप हवा भरताना जवळपास तेवढंच घेतो (मी मोजलंय). आणि मीटर धाडकन एक व्होल्टवर. चार सेल म्हणजे सहा व्होल्टच्या जागी जेमतेम चार. मशीन बंद नाही पडणार तर काय होणार. मग एक नवा अल्कलाइन सेल तसाच रेझिस्टरला लावला, तो १.४ च्या वरच राहिला. त्याच हेवी ड्युटीच्या दुसऱ्या पॅकेटमधला, अजून न वापरलेला सेल लावला तर तो सुरुवातीलाच १.२५ आणि धरून ठेवला तसा हळूहळू घसरत गेला. नवा कोरा सेल!

गंमत पुढे आहे. ते ‘मेलेले’ चार सेल मी फेकले नाहीत, त्यातला एक भिंतीवरच्या घड्याळात टाकला. तो सात महिने चालला. म्हणजे सेल संपलेला नव्हताच, अर्ध्याहून जास्त माल आत शिल्लक होता, फक्त तो त्याला पंपाच्या वेगाने बाहेर देता येत नव्हता. हेच मुळात तुम्ही पॅकेटवर सांगत नाही.

आता हे असं का होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहितीये, पण हे पत्र बाकीचे लोकपण वाचणार आहेत म्हणून सांगतो. स्वस्तातला हेवी ड्युटी सेल म्हणजे झिंक कार्बन सेल. त्याचं बाहेरचं डबडं जस्ताचं असतं, आणि ते नुसतं डबडं नाही, तेच इंधन आहे, तेच मायनस टोक. मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची काळी पूड ओली करून दाबून भरलेली, आणि जस्त आणि पूड यांच्यामध्ये खळ लावलेला कागद. लहानपणी ज्यांनी सेल फोडून कांडी काढली आहे आणि हात काळे करून घरच्यांचा ओरडा खाल्लाय त्यांना वेगळं सांगायला नको. सेल चालतो तेव्हा डबड्याचं जस्त आतल्या बाजूने विरघळत जातं आणि मँगनीज डायऑक्साइड त्याचे इलेक्ट्रॉन घेतं. म्हणजे सेल स्वतःचीच भिंत खात चालतो.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे जस्ताचा फक्त आतला गुळगुळीत पृष्ठभाग कामाला येतो, तेवढ्याच जागेतून सगळा करंट निघायचा. दुसरं म्हणजे आतलं जे खारट ओलं मिश्रण आहे ते फार चपळ नाही, करंट जोरात ओढला की तयार झालेला माल जागच्या जागी साचतो आणि वाट अडवतो. थोडा वेळ सेल पडून राहिला की हा साचलेला माल पसरतो आणि सेलमध्ये जीव आल्यासारखा वाटतो. बाबांना सकाळी एक रीडिंग मिळायचं ते यामुळेच, रात्रभर सेलने आराम केलेला असायचा. जुन्या टॉर्चचा उजेड पिवळा पडला की बंद करून ठेवायची आणि तासाभराने परत लावायची, ती युक्ती पण हीच.

अल्कलाइन सेल बरोब्बर उलटा बांधलेला असतो. इथे बाहेरचं डबडं निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलचं, ते प्लस टोक आहे आणि ते विरघळत नाही. मँगनीज डायऑक्साइड आणि ग्राफाइटचं कडं डबड्याला आतून चिकटून बसवलेलं असतं, आणि जस्त मधोमध, तेसुद्धा पत्रा नाही तर बारीक पूड, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या जेलमध्ये कालवलेली, त्यात एक पितळी खिळा जो करंट गोळा करून खालच्या झाकणाला देतो. जस्ताची पूड केली की पृष्ठभाग कितीतरी पटीने वाढतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइड वीज फार सहज वाहून नेतं, म्हणून आतला अडथळा कमी. माझ्या रेझिस्टरच्या हिशोबाने बाबांच्या वापरलेल्या सेलचा आतला अडथळा एक ओहमच्या आसपास आला, नव्या हेवी ड्युटीचा अर्ध्याहून थोडा जास्त, आणि अल्कलाइनचा साधारण पाव ओहम. अर्ध्या अँपिअरला एक ओहम म्हणजे प्रत्येक सेलमध्ये अर्धा व्होल्ट आतल्या आतच वाया, चार सेलचे दोन व्होल्ट. सगळी गोष्ट एवढीच आहे.

शिवाय त्याच मापाच्या डबीत अल्कलाइनमध्ये माल पण जास्त बसतो. हातात धरून बघा, पेन्सिल सेल अल्कलाइन असेल तर तेवीस-चोवीस ग्रॅम भरतो, झिंक कार्बन पंधरा ते अठरा. दुकानात काटा नसला तरी दोन हातात दोन सेल धरले की कळतं, जो हलका तो तुमचा ‘हेवी’.

आता नावाकडे येतो कारण माझं खरं भांडण त्याच्याशीच आहे. ‘हेवी ड्युटी’ हे नाव मुळात अगदीच खोटं नाहीये हे मला मान्य आहे. जॉर्ज लेक्लांशेने १८६६ मध्ये जो सेल केला त्यात नवसागराचं पाणी होतं, पुढे त्याचाच कोरडा सेल झाला आणि तो नवसागराचा सेल खूप वर्षं चालला. मग नवसागराच्या जागी मुख्यतः झिंक क्लोराइड वापरायला लागले. हा सेल जास्त करंट देऊ शकतो, आणि याच्या रासायनिक क्रियेत पाणी खर्च होतं, त्यामुळे संपत येताना तो आतून कोरडा होत जातो आणि गळतो कमी. म्हणजे नवसागरवाल्यापेक्षा खरंच दमदार. तर ‘हेवी ड्युटी’ ही तुलना होती, आणि ती होती त्या साध्या सेलशी. पण लुईस उरी यांच्या कामातून आलेला अल्कलाइन १९५९ मध्ये बाजारात उतरला, त्यालाही आता साठ वर्षं उलटून गेली, आणि ज्याच्याशी तुलना होती तो नवसागरवाला साधा सेल आज शेजारी ठेवलेला दिसतो का कुठे? शेजारी असतो अल्कलाइन. मग माणूस दोन पॅकेट बघतो, एकावर ‘अल्कलाइन’, जो शब्द त्याला काहीच सांगत नाही, आणि दुसऱ्यावर ‘सुपर हेवी ड्युटी’, जो सगळं सांगतो आणि चुकीचं सांगतो. मग तो दुसरं उचलतो. दोन्हीत कमकुवत असलेल्या सेलचं नाव ‘जड कामाचा’, असा उलटा कारभार मला दुसऱ्या कुठल्याही वस्तूत दिसलेला नाही. आणि त्यात ‘सुपर’, ‘एक्स्ट्रा’, ‘अल्ट्रा’ हे शब्द लावता त्यांना तर कशाशी तुलना हेही नसतं, ते नुसतेच मोठे शब्द.

पहिली तक्रार ती झाली, नाव. दुसरी तक्रार अशी की खरं काय ते तुम्ही लिहिता, पण मुंगीच्या अक्षरात आणि सांकेतिक भाषेत. पेन्सिल सेलच्या अंगावर बारीक कोड असतो, झिंक कार्बन असेल तर R6 आणि अल्कलाइन असेल तर LR6. त्याच्याहून बारीक सेलवर R03 आणि LR03, मोठ्या टॉर्चच्या सेलवर R20 आणि LR20. चौकोनी नऊ व्होल्टवाल्यावर 6F22 म्हणजे झिंक कार्बन, 6LR61 म्हणजे अल्कलाइन. म्हणजे अख्खा फरक एका L अक्षरात आहे! माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे L शोधायला शिकवतो, चष्मा लावून आणि उजेडात धरून. ज्या गोष्टीवर सेल दहा दिवस चालणार की तीन महिने हे ठरतं ती गोष्ट भिंग घेऊन का शोधावी लागावी?

तिसरी तक्रार गळण्याची, आणि ही मी रोज हाताने साफ करतो. झिंक कार्बनचं डबडंच इंधन असल्यामुळे सेल संपत आला की भिंत पातळ होते, कुठेतरी भोक पडतं आणि आतलं आंबट खारट पाणी बाहेर येतं, स्प्रिंगला गंज चढतो. घड्याळ बंद पडलं तरी सेल आत तसाच महिनोन्महिने राहतो आणि मग कॉन्टॅक्ट तुटून हातात येतो. याबाबतीत अल्कलाइनवालेही साळसूद नाहीत बरं का. त्यात जस्त हळूहळू गंजून हायड्रोजन तयार होतो, दाब वाढला की खालचं सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची पांढरी बुरशीसारखी पूड होते, आणि ते तारेच्या आवरणाखालून सरकत सरकत पार सर्किटपर्यंत जातं. बरेच सेल एकत्र लावलेले असताना एक आधी संपला आणि बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहिले की हे हमखास होतं, म्हणून जुने-नवे किंवा दोन जातींचे सेल एकत्र घालू नका असं मी घसा फोडून सांगतो. पण साफ करायची रीत दोघांची वेगळी आहे. अल्कलाइनची पांढरी पूड व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाच्या ओल्या बोळ्याने जाते, झिंक कार्बनच्या आंबट घाणीला खायच्या सोड्याचं पाणी लागतं. दोन्हीनंतर स्वच्छ ओल्या बोळ्याने पुसून पूर्ण सुकू द्यायचं, आणि पांढऱ्या पुडीला उघडा हात लावायचा नाही कारण ती कातडी आणि डोळे भाजते. यातला एक शब्द तरी पॅकेटवर असतो का? जेमतेम ‘गळू शकतो’ एवढं असतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो म्हणजे उगाच गैरसमज नको. झिंक कार्बन सेल बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. तो वाईट सेल नाही, त्याला चुकीच्या कामाला लावलंय. भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ घ्या. ते सेकंदाला एक छोटासा झटका घेतं, सरासरी काढली तर मिलीअँपिअरचा दहावा भाग वगैरे, म्हणजे दिवसाला अडीच मिलीअँपिअर-तासाच्या आत. इतक्या कमी करंटला सेलचा आतला अडथळा असून नसल्यासारखा, म्हणून साधा झिंक कार्बन सेल तिथे वर्षभर आरामात जातो आणि दर झटक्यानंतर त्याला आरामही मिळतो. वर्षाने सेल बदला, फुटायच्या आत. टीव्हीचा रिमोटही तसाच, बटण दाबल्यावर क्षणभर काम आणि मग तासन्‌तास काहीच नाही. अशा ठिकाणी अल्कलाइन घालून पाच वर्षं विसरून जायचं आणि मग पांढरी पूड बघून रडायचं, त्यापेक्षा स्वस्तातला झिंक कार्बन घालून ठरल्या तारखेला बदललेला मला परवडतो.

पण मोटर, पंप, जोरदार एलईडी टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश, चालणारी खेळणी असं काही असेल तर झिंक कार्बन घालणं म्हणजे बारीक नळीने टाकी भरायला बसण्यासारखं आहे. आणि ज्या टॉर्चला वर्षातून चार वेळा हात लागतो पण लागेल तेव्हा चाललीच पाहिजे तिथेही अल्कलाइनच, कारण झिंक कार्बन नुसता कपाटात पडून दोन-तीन वर्षांत बराच ओसरतो, अल्कलाइन पाचेक वर्षं तरी बऱ्यापैकी माल राखून असतो. तशी टॉर्चसुद्धा सेल आत न ठेवता बाजूला ठेवलेली बरी, पण ते कोण ऐकतं.

बाबांच्या मशीनचा हिशोबच सांगतो. एका रीडिंगला पंप साधारण पंचवीस सेकंद चालतो, अर्ध्या अँपिअरने साडेतीन मिलीअँपिअर-तास. दिवसाला चार रीडिंग म्हणजे चौदा. अकरा दिवसांचे झाले दीडशेच्या आसपास, आणि तिथे हेवी ड्युटीने मान टाकली. तोच सेल घड्याळात पुढे सात महिने चालला, म्हणजे आणखी पाचशेच्या आसपास दिले. आता मशीनमध्ये LR6 असतात, सध्याच्या चार सेलांचा तिसरा महिना चालू आहे आणि पंपाचा आवाज अजून खणखणीत आहे. अल्कलाइन महाग आहे हे खरं, पण काही दहापट महाग नाही, आणि त्या कामात तो हेवी ड्युटीच्या सात-आठपट तरी आताच चाललाय. मग स्वस्त कोण?

आता मागण्या.

पॅकेटच्या दर्शनी बाजूला, ब्रँडच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात, ‘झिंक कार्बन’ किंवा ‘अल्कलाइन’ लिहा. लोकांना आज त्याचा अर्थ कळत नसेल तर चार वेळा वाचून कळेल, तेवढी अक्कल लोकांना आहे.

‘हेवी ड्युटी’ आणि त्याची सगळी सुपर-एक्स्ट्रा भावंडं झिंक कार्बन सेलवरून काढून टाका. फारच जिवावर येत असेल तर शेजारी लिहा की कशाच्या तुलनेत हेवी.

मागच्या बाजूला दोनच ओळी छापा: हा सेल घड्याळ, रिमोट यांना योग्य, आणि मोटर, पंप, फ्लॅश यांना योग्य नाही. आणि दोन वेगवेगळ्या भारांवर तो किती तास चालतो ते आकडे द्या. मिलीअँपिअर-तासाचा एकच आकडा छापता येत नाही कारण तो करंटप्रमाणे बदलतो, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण रेडिओ, खेळणं, रिमोट अशा एकेका वापराचा भार लावून सेल किती वेळ चालतो हे मोजायच्या चाचण्या आंतरराष्ट्रीय मानकात, IEC 60086 मध्ये, आधीपासूनच ठरवून दिलेल्या आहेत. नवीन काही शोधायचं नाहीये, त्या रीतीने मोजून आकडा छापायचाय.

आणि उपकरणं बनवणाऱ्यांनो, तुम्हीही यात आहात. माहितीपुस्तिकेत लिहिता ‘अल्कलाइन सेल वापरा’, पुस्तिका जाते ड्रॉवरमध्ये. सेल टाकायच्या खोबणीत जिथे प्लस-मायनस कोरता तिथेच LR6 असंही कोरा. आणि खोक्यात ‘ट्रायल’ म्हणून झिंक कार्बन सेल टाकून देणं बंद करा, कारण पुढच्या वेळी माणूस ते सेल हातात धरून दुकानात जातो आणि ‘अस्सेच द्या’ म्हणतो.

उत्तर द्यायचं झालं तर सरळ पॅकेटवर द्या, मी वाचीन. बाबांची वही परत रोज चार आकड्यांनी भरतेय, आणि त्या चारपैकी उरलेले तीन सेल माझ्या टेबलावर आहेत, एकेक करून घड्याळांत जातील.

तुमचाच एक गिऱ्हाईक आणि दुरुस्तीवाला